‘वर्णन आहे, विश्लेषण नाही’ या शेऱ्यासह केस स्टडी परत येते तेव्हा

बालविकासाच्या अभ्यासक्रमात अभ्यासात मागे पडणाऱ्या एका मुलाची केस स्टडी करायची असते. असे अहवाल मी बरीच वर्षे तपासते आहे आणि त्यांतल्या पुष्कळांवर मला एकच शेरा लिहावा लागतो: वर्णन आहे, विश्लेषण नाही. मग विद्यार्थी शेवटचे प्रकरण पुन्हा लिहितात, दोन सिद्धान्त आणखी घालतात आणि अहवाल परत आणून देतात. तरीही शेरा तोच राहतो. कारण बिघाड शेवटच्या प्रकरणात झालेलाच नसतो. तो पहिल्या दिवशी, निरीक्षणाची वही उघडली तेव्हाच झालेला असतो.

तुमच्या अहवालात हा बिघाड आहे का, ते असे पाहा. निरीक्षणाच्या पानांवरची सगळी विशेषणे पेन्सिलीने खोडा. ‘चंचल’, ‘निरुत्साही’, ‘गणितात कच्चा’, ‘एकाग्रता कमी’, ‘आत्मविश्वासाचा अभाव’ असे शब्द काढल्यावर पानावर काही उरते का? काहीच उरत नसेल, तर तुम्ही निरीक्षण न लिहिता थेट निष्कर्ष लिहिले आहेत. आणि ज्या पानावर निष्कर्ष आधीच काढून ठेवले आहेत, त्याचे विश्लेषण कोण कसे करणार?

पुढे सांगते ते एका विद्यार्थिनीच्या अहवालावर बेतलेले आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिने निवडलेला मुलगा नऊ वर्षांचा होता. वर्गशिक्षिकेचे मत होते, ‘गणितात लक्षच देत नाही.’ विद्यार्थिनीच्या वहीतली पहिली नोंद अशी होती: ‘मुलगा वजाबाकी सोडवताना दुर्लक्ष करतो. त्याला वजाबाकीची संकल्पना समजलेली नाही.’

या दोन वाक्यांत तिने एकही गोष्ट पाहिलेली नाही. शिक्षिकेचे मत तिने स्वतःच्या शब्दांत उतरवले आहे, एवढेच.

नोंद कशी घ्यायची

मी तिला वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारायला सांगितली. डावीकडे फक्त जे दिसले आणि ऐकू आले ते लिहायचे, घड्याळातल्या वेळेसकट. उजवीकडे मनात आलेला अंदाज, तोही शेवटी प्रश्नचिन्ह देऊन. डावीकडच्या नोंदीची कसोटी सोपी आहे. शेजारी बसलेल्या तिऱ्हाइतानेही तेच लिहिले असते का? ‘दुर्लक्ष केले’ यावर दोघांचे दुमत होऊ शकते. ‘पेन्सिल खाली ठेवली, खिडकीकडे पाहिले, ४० सेकंदांनी पुन्हा उचलली’ यावर होणार नाही.

दुसऱ्या दिवशी तिने वेळेचे नमुने घेतले. म्हणजे दर मिनिटाला घड्याळात पाहून, त्या क्षणी मुलगा कामावर आहे की नाही एवढीच खूण करायची. बेरजांच्या दहा मिनिटांत तो ९ वेळा कामावर होता. वजाबाक्यांच्या दहा मिनिटांत ४ वेळा. डाव्या रकान्यातल्या वेळा तपासल्या तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. पहिल्या दोन वजाबाक्या त्याने न थांबता सोडवल्या, त्यांच्यावर चुकीची फुली पडली आणि त्यानंतर त्याची नजर खिडकीकडे जाऊ लागली.

‘लक्ष देत नाही’ हे शब्द इथे अचानक डळमळीत होतात. लक्ष देणे हा त्या मुलाचा कायमचा गुण किंवा अवगुण असता, तर बेरजेतही तो तसाच वागला असता. शिवाय लक्ष उडणे चुकीच्या नंतर आले आहे. जी गोष्ट नंतर घडली ती आधीच्या चुकीचे कारण कशी असेल? दोन दिवसांच्या नोंदींवरून हे सिद्ध झाले असे मी म्हणणार नाही, पण प्रश्न मात्र बदलला. ‘हा लक्ष का देत नाही?’ याऐवजी ‘वजाबाकीत याचे नेमके कुठे अडते?’ असे विचारता येऊ लागले. केस स्टडीतले विश्लेषण इथून सुरू होते.

मुलाची वही वाचा

बहुतेक अहवालांत मुलाच्या वहीतून फक्त गुण उतरवलेले असतात: १२ पैकी ५. या आकड्याचा काही उपयोग नाही. उपयोग आहे तो चुकलेल्या सात उत्तरांचा, एकेक करून.

त्या पानावर १२ वजाबाक्या होत्या. त्यांपैकी ५ बिनहातच्याच्या होत्या आणि पाचही बरोबर. ७ हातच्याच्या होत्या आणि सातही चूक. आता त्यातल्या काही पाहा. ५२ − २७ = ३५. ८१ − ४६ = ४५. ७० − ३४ = ४४. ४०३ − १५८ = ३५५. पाहिल्याबरोबर लक्षात येत नसेल तर एकक स्थानापासून पाहा. ५२ − २७ मध्ये त्याने २ मधून ७ वजा करण्याऐवजी ७ मधून २ वजा केले आणि ५ लिहिले. प्रत्येक स्थानावर मोठ्या अंकातून लहान अंक, मग तो वर असो की खाली. सातपैकी सहा उत्तरे या एकाच नियमाने जशीच्या तशी निघतात.

गणित शिक्षणाच्या अभ्यासकांना ही चूक चांगली ओळखीची आहे. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ मध्ये दाखवून दिले की, मुलांच्या वजाबाकीतल्या पुष्कळ चुका निष्काळजीपणाच्या नसतात. मूल एक चुकीचा नियम अगदी काटेकोरपणे पाळत असते. आपला मुलगाही नियम पाळत होता, आणि तो कुठून आला असेल याचा अंदाजही बांधता येतो. ‘लहानातून मोठा वजा होत नाही’ हे वाक्य वर्गात वारंवार ऐकू येते. ज्याला पुढची पायरी कळली नाही, तो त्यातून ‘म्हणून नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचा’ एवढेच उचलतो. अर्थात हा अंदाज आहे, उजव्या रकान्यातला.

सातवे उत्तर वेगळे होते: ४५ − १९ = ३६. इथे एकक स्थानी त्याने १५ मधून ९ वजा करून ६ बरोबर काढले, पण दशक स्थानचे ४ कमी करून ३ केले नाहीत. विद्यार्थिनीने पहिल्या मसुद्यात हे उत्तर गाळून टाकले होते, कारण ते तिच्या मांडणीत बसत नव्हते. असे कधीही करू नका. न बसणारी नोंद हीच पुष्कळदा सर्वांत जास्त सांगून जाते. हे एक उत्तर सांगते की हातच्याची पद्धत त्याच्या कानावरून गेली आहे, तिचा अर्धा भाग लक्षातही आहे, पण दशक उसना घेतल्यावर तो दशकातून कमी का होतो हे जुळलेले नाही.

एक कारण धरून बसू नका, तीन-चार मांडा

विश्लेषण नसलेल्या अहवालात एकच कारण असते आणि सगळे पुरावे त्याच्या बाजूने उभे केलेले असतात. याचे निवारण असे की, शक्य असलेली कारणे शेजारी शेजारी लिहायची आणि प्रत्येकापुढे ‘हे खरे असेल तर काय दिसायला हवे?’ हे लिहायचे.

मूळ कारण लक्ष उडणे असेल, तर चुका विखुरलेल्या हव्यात, सोप्या उदाहरणांतही हव्यात. तशा नव्हत्या. ‘१२ वजा ७ किती’ अशा मूलभूत वजाबाक्याच येत नसतील, तर उत्तर एखाद-दोनने इकडेतिकडे चुकेल, म्हणजे ५२ − २७ चे २४ किंवा २६ येईल. तसेही नव्हते. पण इथे सावध राहायला हवे. हा मुलगा १२ मधून ७ वजा करण्यापर्यंत पोचतच नव्हता, त्यामुळे त्या वहीवरून याचा निकाल लागत नाही. म्हणून तिने अशा दहा वजाबाक्या तोंडी विचारल्या. ९ बरोबर आल्या, एकीला त्याने बोटे मोजली. तेव्हा कुठे हे कारण बाजूला ठेवता आले.

उरली दोन कारणे. एक, त्याला दशक-एकक हे स्थानमूल्यच कळलेले नाही. दोन, हातातल्या वस्तूंमध्ये कळते, पण कागदावरच्या पद्धतीशी त्याची सांगड बसलेली नाही. कागदावर दोन्हींचे परिणाम सारखेच दिसतात, म्हणून कागदाबाहेर जावे लागले. तिने दहा-दहा काड्यांचे रबर लावलेले ५ गठ्ठे आणि २ सुट्या काड्या त्याच्यापुढे ठेवल्या आणि म्हणाली, ‘मला सत्तावीस दे.’ डाव्या रकान्यातली नोंद अशी आहे:

‘दोन गठ्ठे दिले. दोन सुट्या दिल्या. थांबला (साधारण ८ सेकंद). तिसऱ्या गठ्ठ्याचे रबर काढले. पाच काड्या मोजून दिल्या. उरलेल्या न विचारता मोजल्या, म्हणाला, पंचवीस.’

मग तेच उदाहरण तिने कागदावर दिले आणि मोठ्याने बोलत सोडवायला सांगितले. तो म्हणाला, ‘दोनातून सात जात नाही, म्हणून सातातून दोन. पाच.’ उत्तर ३५. दोन्ही उत्तरे समोर ठेवून तिने विचारले, ‘काड्या पंचवीस म्हणतात, कागद पस्तीस म्हणतो. बरोबर कोणतं?’

तो म्हणाला, ‘दोन्ही. कागदावरचं वेगळं असतं.’

हे वाक्य वाचून मी तिला म्हटले, तुझी केस स्टडी इथे आहे. ‘संकल्पना समजलेली नाही’ ही पहिल्या दिवसाची नोंद चूक ठरली. संकल्पना त्याच्या हातात होती. कागदावरची वजाबाकी म्हणजे त्याच काड्यांची हकीकत आहे, हे त्याला कोणी जोडून दाखवले नव्हते किंवा दाखवले तरी पोचले नव्हते. मुलाचे बोलणे शब्दशः लिहून ठेवले म्हणून हे हाती लागले. ‘मुलाला दोन्ही उत्तरे बरोबर वाटली’ असा सारांश लिहिला असता, तर दुसरे वाक्य गेले असते.

बोलत सोडवायला सांगताना एक पथ्य पाळा. ‘असं का केलंस?’ विचारू नका. तो प्रश्न ऐकला की मुलाला कळते की आपले चुकले, आणि मग ते उत्तर पुसून तुमच्या चेहऱ्याकडे पाहू लागते. ‘मला करून दाखव, करताना बोल’ एवढे पुरते. बरोबर आलेल्या उदाहरणांसाठीही तेच सांगा, म्हणजे प्रश्न हा चूक झाल्याचा इशारा ठरत नाही.

सिद्धान्ताचे प्रकरण वेगळे का पडते

पियाजेच्या चार अवस्था, दोन पाने. व्हायगॉट्स्कीचा परिचय, दीड पान. मग मुलाची माहिती, जिचा वरच्या साडेतीन पानांशी काही संबंध नाही. हे मला फार वेळा वाचायला मिळते. तपासून पाहण्यासाठी अहवालातून सिद्धान्ताचे प्रकरण उचलून बाजूला ठेवा. बाकीच्या पानांवरचा एकही शब्द बदलावा लागत नसेल, तर तो सिद्धान्त तिथे काम करत नव्हता.

काम करणारा सिद्धान्त तुम्हाला काहीतरी वेगळे मोजायला लावतो. व्हायगॉट्स्कीच्या निकट विकास क्षेत्राचेच पाहा. मूल एकटे काय करू शकते आणि जाणकाराच्या मदतीने काय करू शकते, यातले अंतर म्हणजे हे क्षेत्र. ही व्याख्या नुसती उतरवण्याऐवजी आमच्या विद्यार्थिनीने मदतीच्या चार पायऱ्या ठरवल्या. पहिली, नुसते थांबणे. दुसरी, ‘सुट्या किती आहेत?’ असे विचारणे. तिसरी, गठ्ठ्याकडे बोट दाखवणे. चौथी, दोघांनी मिळून गठ्ठा उघडणे आणि कागदावर दशकाचा अंक खोडून नवा लिहिणे. प्रत्येक उदाहरणापुढे ते कोणत्या पायरीवर सुटले तो आकडा तिने लिहिला. पहिल्या बैठकीत बहुतेक ठिकाणी ४ होता. चौथ्या बैठकीत बहुतेक ठिकाणी २. आता ‘निकट विकास क्षेत्र’ हे शब्द तिच्या अहवालात एका तक्त्याकडे बोट दाखवत होते.

जेरोम ब्रूनर यांची कृती, चित्र, चिन्ह ही तिहेरी मांडणीही अशीच उपयोगी पडली, कारण तिच्यामुळे मध्ये एक पायरी सुटल्याचे लक्षात आले. काड्या आणि अंक यांच्या मध्ये चित्र नव्हते. म्हणून काड्यांनंतर गठ्ठ्यांसाठी उभ्या रेघा आणि सुट्यांसाठी ठिपके काढून घेतले, त्यांच्याशेजारीच अंक लिहिले, आणि मगच नुसते अंक. दोन विचारवंत पुरे झाले. पाच घातले म्हणून विश्लेषण वाढत नाही.

उपाययोजनेचा परिणाम झाला, हे कशावरून?

‘उपायानंतर मुलात सुधारणा झाली’ या वाक्यापुढे मी नेहमी विचारते, आधी कुठे होता? उपाय सुरू करण्यापूर्वी निदान तीन वेगवेगळ्या दिवशी तीच मोजणी करा. एकाच दिवसाचा आकडा चांगल्या-वाईट दिवसामुळे फसवतो. इथे प्रत्येक वेळी हातच्याची ६ नवी उदाहरणे दिली. उपायाआधीचे बरोबर आकडे ०, १, ० असे होते. मग पंधरा-पंधरा मिनिटांच्या सहा बैठका झाल्या. दर दोन बैठकांनंतर, काड्या नसताना आणि मदत न देता घेतलेले आकडे होते २, ४, ५. त्यानंतर दोन आठवडे काहीच केले नाही आणि पुन्हा मोजले, तेव्हा ६ पैकी ४ आले.

यात एक फार चांगली गोष्ट घडली होती, ती तिला आधी उणीव वाटली. ४०३ − १५८ सारखी, मध्ये शून्य असलेली उदाहरणे शेवटपर्यंत चुकतच राहिली. ती बैठकांमध्ये शिकवलीच नव्हती. तिला वाटले, हे लिहिले तर उपाय अपुरा ठरेल. उलट त्यामुळे तिचा दावा भक्कम झाला. मुलगा नुसत्या लाडाने, सरावाने किंवा लक्ष वाढल्याने सुधारला असता, तर ही उदाहरणेही थोडीफार सुधारायला हवी होती. जे शिकवले तेवढेच सुधारले, जे शिकवले नाही ते तिथेच राहिले, म्हणजे बदलाचा धागा शिकवण्याशी जोडता येतो. तरीही हे एकच मूल आहे. सगळ्या मुलांना काड्यांनी वजाबाकी येते, असे यातून निघत नाही.

कौटुंबिक माहिती आणि निदान

कौटुंबिक पार्श्वभूमीवर थोडक्यात सांगते. डोळे आणि कान तपासले आहेत का, घरची आणि शाळेची भाषा एकच आहे का, मधे शाळा बुडाली का, हे आधी विचारा. बाकीची माहिती एखाद्या नोंदीशी जोडता येत असेल तरच घ्या. ‘पालक लक्ष देत नाहीत’ हे वाक्य तुम्ही घरी काही पाहिले नसेल तर लिहू नका. या मुलाच्या चुकीचे स्पष्टीकरण देण्यासाठी त्याच्या घराची गरजच पडली नाही.

‘डिस्कॅल्क्युलिया’ हा शब्दही निष्कर्षात येता कामा नये. अध्ययन अक्षमतेचे निदान प्रशिक्षित तज्ज्ञ प्रमाणित चाचण्यांनी करतात. २०१३ च्या डीएसएम-५ या निदानग्रंथात तर नेमकी मदत देऊनही अडचण किमान ६ महिने टिकलेली असणे ही एक अट आहे. तुमची सहा बैठकांची नोंद त्या तज्ज्ञाला फार उपयोगी पडेल, पण निदान म्हणून नव्हे. ‘सहा बैठकांत असा प्रतिसाद दिला’ एवढेच तुम्ही म्हणू शकता.

पालकांची आणि शाळेची लेखी परवानगी घ्या, मुलालाही विचारा, आणि मूल ‘आज नको’ म्हणाले तर त्या दिवशी उठा. नाव बदलणे पुरत नाही. शाळा, परिसर आणि ओळख पटेल असा एखादा वेगळा तपशीलही बदला किंवा गाळा.

अहवाल द्यायला आठच दिवस उरले असतील तर

वहीत फक्त विशेषणे आहेत आणि पुन्हा पंधरा दिवस निरीक्षण करायला वेळ नाही, अशी अडचण घेऊन दरवर्षी कोणीतरी येतेच. जुन्या नोंदींवरून प्रसंग आठवून नव्याने ‘निरीक्षणे’ लिहू नका. ती रचलेली असतात आणि वाचताना कळतात. त्याऐवजी मुलाच्या गेल्या महिन्याभराच्या वहीची पाने परवानगीने पाहायला मागा. त्या चुका तुम्ही येण्याआधी झालेल्या आहेत, त्यांवर तुमच्या मताचा रंग चढलेला नाही. एकाच प्रकारची वीसेक उदाहरणे निवडा आणि प्रत्येक चूक कोणत्या नियमाने निघते ते तिच्यापुढे लिहा. मग अर्ध्या तासाची एक बैठक घ्या. चार उदाहरणे, मोठ्याने बोलत. परवानगी असेल तर ध्वनिमुद्रण करा, नसेल तर शब्द जसेच्या तसे लिहा. दुसरी बैठक त्याच उदाहरणांची, पण हातात वस्तू देऊन.

उपाययोजनेला वेळ उरणार नाही. तसे अहवालात सरळ लिहा, आणि दोन कारणांपैकी कोणते उरले व ते तपासायला पुढे काय करावे लागेल ते नोंदवा. आधीच्या विशेषणांची पानेही फाडू नका. ती ‘सुरुवातीचा समज’ म्हणून परिशिष्टात जोडा आणि त्यांतला कोणता समज कोणत्या नोंदीमुळे बदलला, ते प्रत्येकापुढे एका ओळीत लिहा. आमच्या विद्यार्थिनीच्या परिशिष्टात अशी पहिली ओळ होती: ‘संकल्पना समजलेली नाही. बदलले: काड्यांची बैठक, तिसऱ्या गठ्ठ्याचे रबर काढले तेव्हा.’